किलोवॉटचा भाव आणि कोटेशनमधल्या रिकाम्या जागा

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की आठवड्याभरात व्हॉट्सअॅपवर तीन-चार पीडीएफ येऊन पडतात. पहिल्या पानावर उन्हात चमकणारी पॅनेलं आणि हसरं कुटुंब, शेवटच्या पानावर बँकेचा खाते क्रमांक, आणि मध्ये कुठेतरी ठळक अक्षरांत एक रक्कम. घरातला हिशेबी माणूस लगेच त्या रकमेला किलोवॉटने भागतो आणि ज्याचा भाव कमी, त्याच्याकडे कल झुकतो. भागाकार करणं योग्यच आहे. पण वरची रक्कम कोणती आणि खालचा किलोवॉट कोणता, हे तिन्ही कोटेशनांत एकच असेल असं मुळीच नाही. आणि जे कागदावर लिहिलेलंच नाही, ते भागाकारात कधीच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. नाशिककडचा एक दुमजली बंगला, महिन्याला साधारण तीनशे युनिटचा वापर. गच्चीवर कपडे वाळतात, उन्हाळ्यात कुरडया-पापड घातले जातात, त्यामुळे गच्ची मोकळी राहायला हवी. मीटर खाली फाटकाजवळ आहे, गच्चीपासून केबलच्या मार्गाने तीस मीटर. तीन सोलरवाल्यांकडून तीन कोटेशनं आली आहेत असं धरू. आकडे नमुन्याचे आहेत, पण त्यातले प्रकार बाजारात रोज दिसणारे.

पहिला म्हणतो : ३ किलोवॉट, फक्त १,०२,००० रुपये. दुसरा म्हणतो : ३ किलोवॉट, १,६५,००० रुपये अधिक जीएसटी. तिसरा म्हणतो : ३ किलोवॉट, २,१०,००० रुपये, सगळं धरून. तीनने भागलं तर भाव निघतात ३४,०००, ५५,००० आणि ७०,०००. म्हणजे पहिल्याच्या दुप्पट तिसरा. एवढी तफावत एकाच वस्तूच्या भावात असत नाही, तेव्हा वस्तू एकच नसणार.

पहिल्याने काय केलं ते कळायला फार वेळ लागत नाही. त्याने सबसिडी आधीच वजा करून टाकली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. तीनच्या वर कितीही किलोवॉट बसवा, रक्कम तीच. १,०२,००० मध्ये ७८,००० मिळवले की १,८०,००० ही त्याची खरी किंमत. सबसिडी सोलरवाल्याची नाही, सरकारची आहे. यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाल्यावर ती थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, आणि तोवर पूर्ण पैसे ग्राहकालाच द्यावे लागतात, स्वतःचे किंवा कर्जाचे. म्हणून तुलना करताना सबसिडीला हातच लावायचा नाही. ती तिघांकडून घेतली तरी सारखीच मिळणार आहे, अर्थात माल तिच्या अटींत बसणारा असेल तर. त्या अटीकडे पुढे येऊच.

दुसऱ्याने जीएसटी बाहेर ठेवला. पुरवठा आणि बसवणी एकत्र असलेल्या कामात ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के सेवा धरून कर लावतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या मालावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, सेवेवरचा १८ टक्के राहिला. एकूण रकमेवर तो ८.९ टक्के पडतो, पूर्वी १३.८ पडत असे. दुसऱ्याच्या १,६५,००० वर हा कर १४,६८५ रुपये होतो. कोणी अजून जुन्या दराचा तक्ता पुढे करत असेल तर त्याच रकमेवर २२,७७० रुपये मागेल. तेव्हा ‘अधिक जीएसटी’ दिसलं की किती टक्के आणि रुपयांत किती, हे लिहूनच घ्यावं.

आता भागाकारातली खालची बाजू. तिघांनीही ‘३ किलोवॉट’ म्हटलं आहे, पण ते इन्व्हर्टरचं माप आहे. वीज तयार करतात पॅनेलं, तेव्हा मोजायची पॅनेलं. कोटेशनमध्ये नग आणि एका नगाचे वॉट शोधायचे आणि गुणाकार करायचा. पहिल्याकडे ५४० वॉटची सहा, म्हणजे ३.२४ किलोवॉट. दुसऱ्याकडे ५५० ची सहा, ३.३ किलोवॉट. तिसऱ्याकडे ५९० ची सहा, ३.५४ किलोवॉट. इन्व्हर्टर तिघांचाही ३ चा. पॅनेलं इन्व्हर्टरपेक्षा थोडी जास्त असणं चूक नाही, उलट चांगलं. कारण नाशिकच्या उन्हाळ्यात तापलेलं पॅनेल आपल्या लेबलवरचे वॉट कधीच पूर्ण देत नाही. मात्र सबसिडी पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतलं जे कमी असेल त्यावर मोजतात. इन्व्हर्टर तीनपेक्षा लहान सुचवला असेल तर तिथे पैसे कमी येतील. आपल्या तिघांत ती अडचण नाही.

एवढी दुरुस्ती केली तरी चित्र पालटतं. पहिल्याचा भाव ३४,००० नव्हता, किलोवॉटला साडेपंचावन्न हजार होता. दुसऱ्याचा करासह सुमारे साडेचोपन्न. तिसऱ्याचा एकोणसाठ हजारांच्या वर. दुप्पट-तिप्पट वाटणारी तफावत पाच हजारांवर आली. आता खरं वाचन सुरू करायचं, ते म्हणजे न लिहिलेल्याचं.

सगळ्यात महागाची रिकामी जागा दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये आहे, आणि ती तीन अक्षरांची आहे : डीसीआर. सबसिडी हवी असेल तर पॅनेल भारतात जोडलेलं असून भागत नाही, त्याच्या आतले सेलही भारतातच बनलेले असावे लागतात. अशा पॅनेलला बाजारात डीसीआर पॅनेल म्हणतात. परदेशी सेल आणून इथे काच आणि चौकट बसवलेलं पॅनेलसुद्धा ‘मेड इन इंडिया’ म्हणूनच विकलं जातं, आणि ते म्हणणं खोटंही नसतं. पण ते डीसीआर नसतं. ते स्वस्त असतं, कामाला वाईट असेल असंही नाही. सबसिडी न मिळणाऱ्या कारखान्याने किंवा दुकानाने ते खुशाल घ्यावं. घरगुती ग्राहकाने मात्र त्यावर ७८,००० रुपये गमावले असं समजावं. दुसऱ्याच्या कागदावर नुसतं ‘मोनो पर्क ५५० वॉट’ आहे. विचारल्यावर तो म्हणतो, ‘डीसीआर हवं असेल तर तीस हजार जादा पडतील, साहेब.’ हे वाक्य पैसे भरण्याआधी ऐकलं तर नुकसान नाही. पैसे भरून पॅनेलं चढल्यावर ऐकलं तर ती उतरवण्याचाही खर्च आला.

तोंडी ‘हो, डीसीआरच आहे’ पुरत नाही. कोटेशनवर कंपनी, मॉडेल क्रमांक आणि ‘डीसीआर’ हा शब्द असावा. माल आला की प्रत्येक पॅनेलच्या मागच्या लेबलवरचा अनुक्रमांक त्या कंपनीच्या डीसीआर प्रमाणपत्रातल्या यादीशी जुळवून पाहावा. हेच क्रमांक पुढे योजनेच्या पोर्टलवर भरले जातात. सहाच पॅनेलं असतात, दहा मिनिटांचं काम आहे. पण ती स्ट्रक्चरवर चढायच्या आधी करायचं, नाहीतर मागचं लेबल वाचायला शिडी लागते.

दुसरी मोठी रिकामी जागा स्ट्रक्चरची. पॅनेलची चर्चा सगळे करतात. ती ज्यावर उभी राहणार त्या लोखंडाबद्दल कोटेशनमध्ये एक ओळ असते : ‘स्ट्रक्चर – जीआय’. पहिल्याची ओळ नेमकी हीच आहे. उंची नाही, जाडी नाही, जोडणी कशी तेही नाही. बाजारात याचा साधा अर्थ असा, की पॅनेलं गच्चीपासून फूट-दीड फुटावर आडवी होणार. सहा पॅनेलं साधारण दीड-पावणेदोनशे चौरस फूट जागा खातात. आपल्या बंगल्यात पापड घालायला गच्ची हवी आहे, म्हणजे खालून माणूस चालेल असं उंच स्ट्रक्चर लागेल. त्याला पहिला किलोवॉटमागे ५,००० जादा सांगतो, म्हणजे १६,२००. दुसरा ६,००० सांगतो, म्हणजे १९,८००. तिसऱ्याने पुढच्या पायाची उंची आठ फूट असं लिहूनच दिलं आहे. ‘पुढच्या’ हा शब्द महत्त्वाचा. पॅनेलं दक्षिणेकडे उतरती असतात, त्यामुळे मागचा पाय उंच आणि पुढचा बुटका. नुसतं ‘आठ फूट’ म्हटलं आणि ते मागच्या पायाचं निघालं, तर पुढच्या कडेला डोकं आपटतं.

उंचीबरोबर वारा येतो. पॅनेलचं वजन स्लॅबला जड नाही. सहांचं मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतं. खरी भीती वादळात खालून शिरणाऱ्या वाऱ्याची, कारण तो पॅनेल वर उचलतो. म्हणून पाय स्लॅबला कसा धरला आहे ते विचारायचं. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगसाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, चार-सहा इंच जाडीचा. बोल्ट या कोब्यातच संपला तर तो विटेच्या चुऱ्यात अडकवलेला खिळा ठरतो. आणि कोबा फोडून स्लॅबपर्यंत नेला तर भोक नीट बुजवलं नाही की पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल येते. दोन्ही धोके टाळायचे तर एकतर कोब्यावर काँक्रीटचे वजनदार ठोकळे ओतून त्यांत पाय रोवतात, किंवा स्लॅबपर्यंत केमिकल अँकर नेऊन भोवती वॉटरप्रूफिंग पुन्हा करतात. आठ फुटी स्ट्रक्चरला ठोकळे पुरतील का, हे सोलरवाल्याने आपण विचारण्याआधी सांगायला हवं. आणि गळती झाली तर दुरुस्ती कोणाची, याची एक ओळ कोटेशनमध्ये हवी. तिघांपैकी एकाच्याही कागदावर ती नाही. मी पाहिलेल्या कोटेशनांत ती क्वचितच असते.

‘जीआय’ या दोन अक्षरांतही दोन वेगळ्या गोष्टी दडतात. एका प्रकारात आधीच पातळ जस्त चढवलेले पाइप आणून गच्चीवर कापतात आणि वेल्डिंग करतात. जिथे कापलं आणि जिथे वेल्ड केलं, तिथलं जस्त जळून जातं. वरून चंदेरी रंगाचा फवारा मारतात आणि दोन पावसाळ्यांत त्याखालून तांबूस ओघळ येतात. दुसऱ्या प्रकारात सगळे भाग कारखान्यात आधी कापून, भोकं पाडून मग वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुडवतात, आणि गच्चीवर नुसते नट-बोल्टने जोडतात. यालाच हॉट डिप म्हणतात, आणि जस्ताचा थर ८० मायक्रॉनच्या आसपास मागतात. पंचवीस वर्षं टिकणारं पॅनेल सात वर्षांत गंजणाऱ्या पायावर उभं करण्यात शहाणपण नाही, आणि रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत तर अजिबात नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : सोलरवाल्याने वर्षा-दोन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम प्रत्यक्ष बघायला मागायचं, आणि तिथे पॅनेलांकडे न बघता सांधे बघायचे.

केबल आणि अर्थिंगच्या बाबतीत कोटेशन खोटं बोलत नाही, मर्यादा घालतं. दुसऱ्याने ‘केबल १५ मीटरपर्यंत’ लिहिलं आहे, पहिल्याने ‘२० मीटरपर्यंत’. आपल्याला तीस लागते. मीटरला दोनशे धरले तर एकाचे तीन आणि एकाचे दोन हजार वाढले. रक्कम मोठी नाही. पण ती वाचवायला कोणी बारीक केबल टाकली तर दुखणं वेगळंच उद्भवतं. वीज गच्चीवरून महावितरणच्या तारेकडे ढकलायची, तर इन्व्हर्टरला तारेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज लागतं. लांब आणि बारीक केबलमध्ये हा फरक वाढत जातो. गावाकडे भर दुपारी लाइनलाच व्होल्टेज चढं असलं की इन्व्हर्टर मर्यादा ओलांडून स्वतःला बंद करून घेतो, आणि तेही नेमकं बाराच्या उन्हात. मालक म्हणतो पॅनेलं खराब निघाली. पॅनेलं ठणठणीत असतात. म्हणून मीटरबरोबर केबलची जाडी आणि ती तांब्याची की अॅल्युमिनियमची, हेही लिहून घ्यावं.

अर्थिंगचे खड्डे तीन हवेत : पॅनेलकडच्या बाजूला एक, इन्व्हर्टरच्या एसी बाजूला एक आणि वीजरोधकाला, म्हणजे लायटनिंग अरेस्टरला, स्वतंत्र एक. पहिल्याच्या कागदावर नुसतं ‘अर्थिंग’ आहे आणि चौकशीअंती ते एकच निघतं. उरलेल्या दोन खड्ड्यांचे सहा हजार. घराचं जुनं अर्थिंग आहेच की, असं कोणी म्हणालं तर ऐकू नये. अरेस्टरवर पडलेली वीज फ्रिज-टीव्हीच्या अर्थिंगमधून जायला नको.

नेट मीटरचं कामकाज दुसऱ्याने ‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ असं सोडून दिलं आहे. हा शब्दप्रयोग मला कोटेशनमध्ये सगळ्यात कमी आवडतो. पोर्टलवरचा अर्ज, महावितरणची कागदपत्रं, मंजूर भार कमी असेल तर तो वाढवणं, मीटरची चाचणी, यांतलं काय सोलरवाला करणार आणि त्याचे किती घेणार, हे आज आकड्यात सांगता येतं. त्याला आग्रह केल्यावर तो ८,००० म्हणतो. जे शुल्क खरोखर महावितरणला भरायचं असेल, ते ग्राहकाने स्वतःच्या नावाच्या पावतीवरच भरावं.

आता पुन्हा बेरीज. पहिला : १,८०,००० मध्ये स्ट्रक्चर, खड्डे आणि केबलचे मिळून २४,२००, म्हणजे २,०४,२००. भागिले ३.२४, किलोवॉटला सुमारे ६३,०००. दुसरा : डीसीआरसह १,९५,०००, त्यावर कर १७,३५५, वर स्ट्रक्चर, कामकाज आणि केबलचे ३०,८००, एकूण २,४३,१५५. किलोवॉटला सुमारे ७३,७००. तिसरा जागचा हललेला नाही : २,१०,०००, किलोवॉटला सुमारे ५९,३००.

म्हणजे महाग दिसणारा स्वस्त निघाला, असं म्हणून थांबता येईल. पण पहिला आणि तिसरा यांच्यात निकाल इतका सरळ नाही. सबसिडी वजा जाता खिशातून जाणारी रक्कम पहिल्याची १,२६,२०० आणि तिसऱ्याची १,३२,०००. तिसऱ्याला ५,८०० जास्त पडतात आणि त्यात ३०० वॉटची पॅनेलं वाढतात. आपल्याकडे एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो, पावसाळ्यात बराच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. ३०० वॉटचे मिळून दिवसाला युनिटभर वाढतील. काही वर्षांत फरक भरून निघेल, पण निवड त्यावर करू नये. ती स्ट्रक्चर कोणाचं हॉट डिप आहे आणि दुरुस्तीला कोण येणार, यावर करावी. योजनेखाली पहिली पाच वर्षं देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्याची आहे. तो माणूस तालुक्यातला आहे की तीनशे किलोमीटरवरचा, याला किलोवॉटच्या भावात जागाच नाही.

तिसऱ्याचा कागदही धुतल्या तांदळासारखा नाही. त्याने ‘रोज १५ ते १८ युनिट’ असं लिहिलं आहे. साडेतीन किलोवॉटला वर्षाची सरासरी चौदाच्या घरात बसते. अठरा एखाद्या लख्ख दिवशी दिसतील, ऑगस्टमध्ये सहासुद्धा दिसतील. शिवाय पश्चिमेला पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली आहे, तिची सावली दुपारनंतर दोन पॅनेलांवर पडणार, आणि एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांत दोघांची सावली बाकीच्यांनाही मागे खेचू शकते. गच्ची न बघता, नुसत्या वीजबिलाच्या फोटोवरून ज्याने कोटेशन पाठवलं, त्याला ही टाकी ठाऊकच नसते.

आणखी एक गोष्ट तिघांनीही लिहिलेली नाही, कारण कोणी विचारत नाही. नेट मीटरवर चालणारा साधा इन्व्हर्टर लाइट गेले की बंद पडतो. वरती ऊन तळपत असलं तरी घरात अंधारच. लाइन दुरुस्त करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून तशी रचना सक्तीची असते. भारनियमनात पंखे चालायला हवे असतील तर बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर लागतो, आणि त्याचा भाव या तिन्ही कागदांशी ताडताच येत नाही.

राहिला एक छोटा शब्द, ‘समतुल्य’. तिसऱ्याने पॅनेल आणि इन्व्हर्टर दोन्हींच्या नावापुढे ‘किंवा समतुल्य’ असं जोडलं आहे. तुटवडा असला की माल बदलावा लागतो, हे समजण्यासारखं आहे. पण बदल ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय नाही, वॉट आणि वॉरंटी कमी नाही, डीसीआरच हवं, एवढं त्याच ओळीखाली लिहून सही घ्यावी. मग पैशांचे हप्ते ठरवावेत : थोडी रक्कम ऑर्डरबरोबर, मोठी रक्कम माल गच्चीवर येऊन लेबलं तपासल्यावर, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसून यंत्रणा सुरू झाल्यावर. शेवटचा हप्ता दहा टक्क्यांचा असला तरी चालेल, पण तो मीटर बसेपर्यंत हातात ठेवावा. स्ट्रक्चर उभं राहिल्या दिवशी सगळे पैसे दिले, की महावितरणच्या खेपा आपल्याच वाट्याला येतात.